शाळेच्या समुपदेशकाची वेळ मागताना : चिठ्ठीत काय लिहावं, भेटीसाठी काय राखून ठेवावं

ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करताना पालकांच्या दोन तऱ्हेच्या चिठ्ठ्या हाती येतात. एकीत फक्त "मुलाबद्दल बोलायचं आहे, वेळ द्या" एवढंच असतं. दुसरी लग्नापासून सुरू होते आणि सासरच्या वाटणीपर्यंत जाते. पहिलीवरून वेळ किती लवकर द्यायची ते ठरवता येत नाही. दुसरीतून नको तेवढं कळतं, आणि तेही माझ्याआधी आणखी दोघा-तिघांना. मुलाच्या मनात कसली तरी काळजी घर करून बसली आहे असं वाटल्यावर पालक जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. बहुतेक प्रश्न त्या चिठ्ठीभोवतीच फिरतात.

वेळ कोणाकडे मागायची? क्लास टीचरकडे की थेट समुपदेशकाकडे?

शाळेच्या ऑफिसला आधी एक फोन करा आणि तीन गोष्टी विचारा : समुपदेशक कोणत्या वारी असतात, त्यांचा स्वतंत्र ईमेल आहे का, आणि नसेल तर चिठ्ठी कोणाच्या हातून त्यांच्याकडे जाते. फोनवर कारण सांगायची गरज नाही. "पाचवी ब, पालक बोलतेय, काउन्सेलर मॅडमची वेळ हवी आहे" एवढं पुरतं. "कशासाठी?" असं विचारलंच तर "अभ्यास आणि शाळेत रुळण्याबद्दल" हे उत्तर खोटंही नाही आणि त्यातून काही उघडही होत नाही.

बऱ्याच शाळांत एकच समुपदेशक प्राथमिक आणि माध्यमिक दोन्ही विभाग बघते. काही ठिकाणी ती आठवड्यातून दोन-तीन दिवसच येते. दहावी-बारावीच्या परीक्षांआधी तिचं वेळापत्रक त्या मुलांनीच भरलेलं असतं. त्यामुळे वार आधी विचारून घेतला की निम्मी धावपळ वाचते.

चिठ्ठी नेमकं कोण कोण वाचतं?

हे कळलं की काय लिहायचं ते आपोआप ठरतं. डायरीत लिहिलेली चिठ्ठी सगळ्यात आधी मूल वाचतं. मग व्हॅनमध्ये शेजारी बसलेलं मूल वाचतं. मग डायऱ्यांच्या गठ्ठ्यातून ती क्लास टीचरकडे जाते, तिथून कोऑर्डिनेटरकडे, आणि मग समुपदेशकाकडे. वाटेत स्टाफरूमच्या टेबलावर ती तासभर उघडी पडलेली असू शकते. यात कोणाचा वाईट हेतू नसतो, कागद असेच फिरतात.

शाळेच्या ॲपवरचा मेसेज बहुतेक वेळा ऑफिसमधली व्यक्ती उघडते आणि पुढे ढकलते. ईमेल शाळेच्या सामायिक पत्त्यावर गेला तर तो वर्षानुवर्षं तिथेच राहतो. कर्मचारी बदलतात, पण इनबॉक्स तोच राहतो.

म्हणून माझी पसंती अशी : समुपदेशकाचा स्वतंत्र ईमेल असेल तर तो. नसेल तर बंद पाकीट, त्यावर "समुपदेशक यांस, व्यक्तिगत" असं लिहून, तुम्ही स्वतः ऑफिसात द्यायचं. मुलाच्या दप्तरातून पाठवायचं नाही. आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "आपल्या शाळेच्या काउन्सेलर कशा आहेत?" असं विचारू नका. दहा मिनिटांत तीन आया तुम्हाला खासगीत विचारतील, "काय झालं गं?"

मग चिठ्ठीत लिहायचं काय?

चिठ्ठीचं काम वेळ मिळवणं हे आहे, गोष्ट सांगणं नाही. तिच्यावरून समुपदेशकाला दोनच गोष्टी ठरवायच्या असतात : किती लवकर भेटायचं, आणि भेटण्याआधी शाळेत काय बघून ठेवायचं. त्यासाठी तुम्हाला डोळ्यांनी काय दिसतं, केव्हापासून, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, आणि आतापर्यंत काय करून पाहिलं, एवढं लागतं.

एक उदाहरण सविस्तर घेते. मूल ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत. कोपरखैरण्यात राहणारी पाचवीतली मुलगी. सकाळची शाळा. जुलैच्या मध्यापासून शाळेच्या दिवशी सकाळी पोटात दुखायचं, व्हॅनचा हॉर्न वाजला की रडू यायचं. रविवारी पोट ठणठणीत. तिच्या आईने रात्री बसून मोबाइलवर लांबलचक मजकूर लिहिला होता. त्यात हे सगळं होतं : सासूबाई जिन्यात पडल्या आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, दवाखान्याच्या बिलावरून दिरांशी बोलाचाली झाली, नवऱ्याची नोकरी डळमळीत आहे, घराचा हप्ता थकलाय, आईला स्वतःला झोपेची गोळी सुरू झालीय, आणि शेवटी, सगळ्यांत खाली, मुलीच्या पोटात दुखतं.

मजकूर पाठवण्याआधी तिने मला फोन केला म्हणून आम्ही तो एकत्र छाटला. दिरांशी झालेलं भांडण गेलं, कारण ते मोठ्यांचं आहे आणि मुलीच्या पोटदुखीशी त्याचा थेट संबंध दिसत नव्हता. नोकरी आणि हप्ता गेले, कारण शाळेला त्यात काही करता येण्यासारखं नाही. फीची सवलत मागायची असेल तर तो वेगळा अर्ज, वेगळ्या टेबलावर. आईची गोळी गेली, कारण ती आईच्या तब्येतीची बाब आहे. आजींचं पडणं मात्र राहिलं, पण एका ओळीत. आणि पोटदुखी शेवटून उचलून पहिल्या परिच्छेदात आणली. शेवटी चिठ्ठी अशी झाली :

> मा. समुपदेशक यांस,
>
> माझी मुलगी (नाव), इयत्ता ५ वी ब, हिच्यासाठी आपली वेळ हवी आहे.
>
> जुलैच्या मध्यापासून शाळेच्या दिवशी सकाळी तिच्या पोटात दुखते व ती रडते. सुट्टीच्या दिवशी असे होत नाही. डॉक्टरांनी तपासले असून शारीरिक कारण आढळलेले नाही. शाळेच्या ऑफिसातून ती वारंवार घरी फोन करते.
>
> घरी अलीकडे आजारपणाचा एक प्रसंग झाला. त्याबद्दल प्रत्यक्ष भेटीत सांगेन.
>
> तिला बोलावण्याआधी पंधरा मिनिटे माझ्याशी बोलावे, ही विनंती. मंगळवारी किंवा शुक्रवारी दुपारी १ नंतर मला येता येईल.
>
> (आईचे नाव व फोन)

ही चिठ्ठी टेबलावर उघडी पडली तरी घरातलं काही बाहेर जात नाही. आणि तरीही समुपदेशकाला हवं ते सगळं तिच्यात आहे. "सुट्टीच्या दिवशी असे होत नाही" हे वाक्य माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचं, कारण काळजी शाळेशी किंवा घर सोडण्याशी बांधलेली आहे हे त्यावरून कळतं. "डॉक्टरांनी तपासले" या वाक्याने एक फेरी वाचते. ते नसेल तर कोणतीही जबाबदार समुपदेशक आधी तुम्हाला बालरोगतज्ज्ञांकडेच पाठवेल, आणि पाठवायलाच हवं. पोटात खरोखरच काही बिघडलेलं असू शकतं.

घरचं कारण लिहिलंच नाही, तर समुपदेशकाला मुलाची काळजी कळणार कशी?

तुमच्याकडूनच कळेल, पण भेटीत, दार बंद करून. शिवाय चिठ्ठीत कारण आधीच लिहिलं की वाचणारा त्याच चष्म्यातून मुलाकडे बघायला लागतो. "आई-वडील वेगळे राहतात" असं कळलं की वर्गातली प्रत्येक खोडी त्याच खात्यावर जमा होते. आणि पुष्कळदा पालकांनी ठरवलेलं कारण आणि मुलाच्या मनातलं कारण वेगळंच निघतं.

वरच्याच मुलीचं बघा. आईला वाटत होतं, घरातल्या भांडणांनी ती घाबरली आहे. ऑफिसातल्या फोनच्या वेळा पाहिल्यावर लक्षात आलं की फोन नेहमी छोट्या सुट्टीनंतर लगेच यायचा. भेटीत मुलीने सांगितलं, की ज्या दिवशी आजी पडली त्या दिवशी ती शाळेत होती, आणि घरी आली तर आजी घरात नव्हती. कोणी काही सांगितलं नव्हतं. तिच्या मनात बसलं होतं ते एवढंच : आपण शाळेत असताना घरी काहीतरी होतं, आणि आपल्याला कळत नाही. भांडणाचा तिने उल्लेखही केला नाही.

उपाय मग त्या धाग्याने गेला. आधी घरून एक वचन : घरी काही झालंच, तर आई ऑफिसला फोन करेल आणि क्लास टीचर तिला सांगतील. मग फोन रोज एकच, ठरलेल्या वेळी, दोन मिनिटांचा. नंतर एक दिवसाआड. नंतर फोनऐवजी कंपासपेटीत आईची चिठ्ठी. "सगळं ठीक आहे ना?" हा प्रश्न मुलाने विचारायचा आणि आपण दर वेळी "हो, ठीक आहे" म्हणायचं, याने घटकाभर बरं वाटतं, पण विचारायची गरज वाढत जाते. म्हणून फोन एकदम तोडले नाहीत आणि हवे तेवढे करूही दिले नाहीत.

कोणती घरगुती माहिती शाळेला द्यायलाच हवी?

मुलाच्या सुरक्षिततेची. मूल स्वतःला इजा करण्याबद्दल बोलत असेल, तसं काही केलं असेल, किंवा त्याला कोणी मारत असेल, नको तसा स्पर्श करत असेल, तर चिठ्ठी लिहीत बसू नका आणि दोन दिवसांनंतरची वेळही घेऊ नका. त्याच दिवशी फोन करा, प्रत्यक्ष जा. अशा वेळी "थोडक्यात लिहावं" हा नियम लागू नाही. रात्रीची वेळ असेल तर टेलि-मानसचा 14416 हा सरकारी मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मुलाच्या संरक्षणाचा प्रश्न असेल तर 1098. जीव धोक्यात आहे असं वाटलं तर थेट जवळच्या रुग्णालयात.

दुसरी गोष्ट ताब्याची. मुलाला शाळेतून कोण नेऊ शकतं यावर न्यायालयाचा आदेश असेल, तर त्याची प्रत मुख्याध्यापकांकडे स्वतंत्रपणे द्या. समुपदेशनाच्या चिठ्ठीत ते घालू नका. समुपदेशकाला "याबाबतची कागदपत्रे मुख्याध्यापकांकडे दिली आहेत" एवढं कळलं तरी बस.

तिसरी : मुलाला औषध सुरू असेल तर त्याचं नाव आणि वेळ. पण मुलाचं औषध, घरातल्या इतरांचं नाही.

शाळेच्या फॉर्ममध्ये "कौटुंबिक पार्श्वभूमी" असा रकानाच आहे. तो रिकामा ठेवला तर चालेल का?

चालतं. रिकामा सोडण्याऐवजी "प्रत्यक्ष भेटीत सांगेन" असं लिहा, म्हणजे विसरलात असं वाटणार नाही. गुगल फॉर्म असेल आणि रकान्यापुढे लाल तारा असेल, तर काहीतरी भरल्याशिवाय तो पुढे जाऊ देत नाही. तिथेही हेच वाक्य टाका. फॉर्मची उत्तरं एका तक्त्यात साठतात, आणि त्या तक्त्याचा दुवा ज्याच्याकडे आहे त्याला सगळ्या वर्गाची उत्तरं एका खाली एक दिसतात, हे ध्यानात असू द्या.

घरात किती माणसं आहेत, मूल दिवसभर कोणाजवळ असतं, एवढं लिहायला हरकत नाही. उत्पन्न, आजार, व्यसन, पती-पत्नीतले वाद हे त्या रकान्यात नको.

आई-वडील वेगळे राहत असतील तर ते कसं लिहायचं?

"या वर्षी मुलाच्या राहण्याच्या व्यवस्थेत बदल झाला आहे." एवढं एक वाक्य. कोणी कोणाला सोडलं, का सोडलं, हे नाही. मुलाला शनिवार-रविवार दुसऱ्या घरी जावं लागत असेल आणि सोमवारी गृहपाठ राहत असेल, तर तेवढं लिहा, कारण त्यावर शाळा काहीतरी करू शकते.

एक सांगते, जरा कडू वाटेल. दुसऱ्या पालकाविरुद्ध पुरावा गोळा करायला समुपदेशकाची चिठ्ठी हवी म्हणून काही जण वेळ घेतात. शाळेची समुपदेशक त्या कामासाठी नाही, आणि मुलाला ते लगेच कळतं. ते एकदा कळलं की मूल त्या खोलीत तोंड उघडत नाही.

एका पालकाने दुसऱ्याला न सांगता वेळ घेतली तर?

पहिली भेट, तुमच्या एकट्याची, घ्यायला काहीच अडचण नाही. मुलाबरोबर नियमित भेटी सुरू करायच्या तर बऱ्याच शाळा पालकांच्या सहीचं संमतिपत्र घेतात, आणि काही ठिकाणी दोघांच्या सह्या मागतात. तुमच्या शाळेत काय पद्धत आहे ते आधीच विचारा. घरात "मूल काय वेडं आहे का?" असं म्हणणारं कोणी असेल, तर समुपदेशकाला ते आधी सांगा. म्हणजे शाळेचा फोन घरच्या लँडलाइनवर किंवा आजोबांच्या मोबाइलवर न येता तुमच्याच नंबरवर येईल. चिठ्ठीत "कृपया याच क्रमांकावर संपर्क करावा" हे वाक्य त्यासाठीच घालायचं.

चिठ्ठी मराठीत लिहिली तर चालेल का? शाळा इंग्रजी माध्यमाची आहे.

बिनधास्त लिहा. वरची चिठ्ठी मराठीतच आहे. परक्या भाषेत लिहिताना माणूस अवघडतो, आणि मग एक तर नेटवरचे मोठमोठे शब्द उचलतो किंवा गरज नसताना भरमसाट लिहितो. "माझ्या मुलाला एन्झायटी डिसऑर्डर आहे" असं स्वतःच निदान करून लिहिलेल्या चिठ्ठीपेक्षा "परीक्षेच्या आदल्या रात्री तीन वेळा उठतो, दप्तर तपासतो" हे वाक्य दसपट उपयोगी आहे. समुपदेशकाला मराठी येत नसेल तर चार ओळी ती कोणाकडून तरी समजून घेईल. ही शक्यता आहे म्हणूनही चिठ्ठीत खासगी काही नको.

मुलाला काय सांगून पाठवायचं?

खरं सांगायचं, पण आटोपशीर. "सकाळी पोटात दुखतं ना, त्याबद्दल मी मॅडमशी बोलले. त्या तुला एकदा भेटतील. मनाला वाटेल तेवढंच सांग." शिक्षा म्हणून नाही, आणि "मॅडमना सगळं सांग हं" असा दबावही नाही.

"घरातलं बाहेर सांगायचं नाही" असं बजावून मात्र पाठवू नका. हे मी पालकांना परतपरत सांगते. काय लिहायचं आणि काय नाही हे बंधन तुम्ही तुमच्या चिठ्ठीवर घालता आहात, मुलाच्या तोंडावर नाही. मुलाने त्या खोलीत काय बोलायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या. घरातली एखादी गोष्ट मुलाने सांगितली म्हणून घरी त्याला ओरडा बसला, तर पुढच्या भेटीला ते मूल फक्त "काही नाही" म्हणतं.

दुसरं, समुपदेशकाने त्याला वर्गातून कसं बोलवावं हेही विचारून ठेवा. तास चालू असताना शिपाईमामांनी दारात येऊन "काउन्सेलरने बोलावलंय" म्हटलं की चाळीस माना वळतात. पीटीच्या तासाला किंवा लायब्ररीच्या वेळेत बोलावता येतं. चिठ्ठीत ही विनंती लिहायला काहीच हरकत नाही.

समुपदेशक आमचं बोलणं क्लास टीचरला सांगते का?

वर्गात करायची गोष्ट तेवढी सांगते. वरच्या मुलीच्या बाबतीत क्लास टीचरला एवढंच कळलं, की छोट्या सुट्टीनंतर तिला दोन मिनिटं फोन करू द्यायचा आणि त्यावरून वर्गात टोकायचं नाही. आजी, दवाखाना, काही नाही.

पहिल्या भेटीत तुम्ही स्वतः विचारा : "तुम्ही कुठे नोंद ठेवता, ती कोण बघू शकतं, आणि टीचरला काय सांगणार?" चांगली समुपदेशक या प्रश्नाने दुखावत नाही. उलट "हे मॅडमना सांगितलं तर चालेल का?" असं तीच तुम्हाला विचारते.

मूल जे सांगेल त्यातला शब्द न् शब्द तुम्हालाही कळणार नाही. गोषवारा कळेल. याचं वाईट वाटून घेऊ नका. मात्र गुप्ततेला मर्यादा आहेत. मुलाच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल तर ते सांगावंच लागतं. आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांकडे कळवणं बंधनकारक आहे. ते दडवणं हाच गुन्हा ठरतो. "हे आपल्यातच राहू द्या" अशी गळ तिथे चालत नाही.

याची नोंद शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येते का?

नाही. दाखल्यावर प्रगती, वर्तणूक, शाळा सोडण्याचं कारण असे रकाने असतात. समुपदेशनाचा रकाना नसतो.

आठवडा होत आला, उत्तर नाही. काय करू?

चिठ्ठी पोचली का, एवढंच ऑफिसला विचारा. पुष्कळदा ती कोऑर्डिनेटरच्या ट्रेमध्ये अडकलेली असते. दुसरी चिठ्ठी लिहावी लागली तर ती पहिलीपेक्षाही लहान ठेवा : "दिनांक अमुकची विनंती मिळाली का? पोटदुखी सुरूच आहे, या आठवड्यात दोन दिवस शाळा बुडाली." उत्तर येत नाही म्हणून लवकर लक्ष वेधायला घरातली मोठी गोष्ट उघड करण्याचा मोह होतो. तिथे थांबा. शाळा बुडालेले दिवस हा आकडा पुरेसा बोलका असतो, आणि तो शाळेच्या हजेरीतही आहे. त्यानंतरही हालचाल नसेल तर मुख्याध्यापकांची भेट मागा.

आमच्या शाळेत समुपदेशकच नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी ठेवायची आहे. म्हणून "आमच्याकडे नाही" एवढ्यावर परत फिरू नका. "मग शाळा कोणाकडे पाठवते?" हे विचारा.

तोवर बाहेर जायचं तर ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था १९९० पासून काम करते आहे. महापालिकेच्या रुग्णालयांत, म्हणजे कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचं पालिका रुग्णालय इथे, बाह्यरुग्ण विभागात मुलांसाठी मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारता येईल. तिथे मात्र नियम उलटा : तज्ज्ञ डॉक्टर घरातल्या आजारपणाबद्दल, झोपेबद्दल, गर्भारपणापासूनच्या इतिहासाबद्दल विचारतील, आणि त्यांना मोकळेपणाने सांगायचं. दवाखान्यातली ती फाइल शाळेत द्यायची नाही. शाळेला फक्त एक पानी पत्र पुरतं, ज्यात मुलासाठी शाळेने काय करावं एवढंच असेल.

मी आधीच सगळं लिहून पाठवलंय. आता?

"डिलीट फॉर एव्हरीवन" केलं तरी ज्याने वाचलं त्याने वाचलं. त्यापेक्षा समुपदेशकाला फोन करून सरळ सांगा : "मी जरा जास्तच लिहिलं. तेवढा भाग कृपया पुढे पाठवू नका आणि फाइलला लावू नका, मी तुम्हाला छोटी चिठ्ठी देते." नवी चिठ्ठी दिली की फाइलला तीच लागते. आम्हाला हे फोन येत असतात, त्यात शरमण्यासारखं काही नाही.

भेटीला जाताना बरोबर काय न्यायचं?

डॉक्टरांचा कागद, आणि पोटात दुखलेल्या दिवसांची साधी यादी. मोबाइलच्या कॅलेंडरवर खूण केलेली असली तरी चालेल. वार बघितले की पुष्कळ काही दिसतं : सोमवारच का, गणिताच्या तासाचाच दिवस का. घरच्या गोष्टींपैकी कोणत्या सांगायच्या ते गाडीत बसूनच ठरवा. खुर्चीवर बसल्यावर भरून येतं आणि मग जे सांगायचं नव्हतं तेही सांगून होतं. "याबद्दल आज नको" असं म्हणायला तुम्ही मोकळे आहात.

शाळेच्या गेटवर ओळखपत्र मागतात, ते असू द्या. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नाव, वेळ, फोन यांच्या पुढे "कामाचे स्वरूप" असा रकाना असतो, आणि तुमच्यानंतर सही करणाऱ्या प्रत्येक पालकाला तो दिसतो. तिथे "शिक्षक भेट" एवढंच लिहायचं.